बोलून टाइप केलेलं पान वाचायला चोख, पण मूळ पानाशी जुळत नाही

अडचण आधी सांगतो, कारण ती माझ्याकडे दर पानाला येत होती. हाताने लिहिलेलं मराठी पान समोर ठेवायचं, फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबायचा, मोठ्याने वाचत जायचं. मजकूर झरझर उमटतो. नंतर स्क्रीनवर वाचलं की सगळं नीट वाटतं. वाक्यं पूर्ण, शब्द खरे, लाल रेघ कुठेही नाही. मग कुणीतरी मूळ पान हातात घेतं आणि म्हणतं, "अरे, हे इथे असं नाहीये." एक शब्द वेगळा, एक रक्कम चुकलेली, कधी अख्खी ओळ गायब. ते दुरुस्त करावं, तर पुढच्या पानावर पुन्हा तेच.

माझ्यासमोर होती आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची इतिवृत्ताची वही, १९५४ पासूनची. जाड पुठ्ठा, निळी शाई, पानं कडेने तपकिरी झालेली. मंडळाला स्मरणिकेसाठी त्यातला मजकूर हवा होता आणि टायपिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेजारच्या काकू मदतीला होत्या. ते जुनं अक्षर त्यांना माझ्यापेक्षा सहज लागतं.

पहिली आठ-दहा पानं मी एकच चूक करत राहिलो. टाइप झालेला मजकूर मी वाचून तपासत होतो. हाताने टाइप करताना ते चालतं, कारण बोट घसरलं तर "इतिवृत्त"चं "इतिवॄत" होतं आणि डोळ्याला खुपतं. बोलून टाइप करताना यंत्र असं मोडकं काही लिहीत नाही. ते ऐकलेल्या आवाजाला जवळचा आणि मागच्या-पुढच्या शब्दांत बसणारा, नेहमीच्या वापरातला शब्द निवडतं. त्यामुळे चूक झाली तरी ती चूक म्हणजे एक शुद्ध मराठी शब्दच असतो. शुद्धलेखन तपासणारी सोय तिला हात लावत नाही आणि वाचणारा ओलांडून पुढे जातो. आमच्या वहीत "कार्यवाह" हा शब्द जागोजागी आहे, म्हणजे आजचा सेक्रेटरी. टाइप होताना त्याचं बहुतेक वेळा "कार्यवाही" व्हायचं. "कार्यवाही यांनी हिशेब सादर केला" हे वाक्य घाईत वाचलं तर अडत नाही. "मेळ्याचा कार्यक्रम"चं "मेल्याचा कार्यक्रम" झालं, ते मात्र काकूंनी लगेच पकडलं आणि चाळभर सांगितलं.

म्हणून दुरुस्ती पानावरून सुरू करायची, स्क्रीनवरून नाही. आणि काही चुकलेलं दिसलं की शब्द बदलायच्या आधी ही चूक कोणी केली ते बघायचं. डोळ्याने, तोंडाने, माइकने की यंत्राने? प्रत्येकाची चूक वेगळी दिसते आणि उपायही वेगळा असतो. मी सगळ्या चुकांचं खापर यंत्रावर फोडत होतो, म्हणून त्या परत परत येत होत्या.

आधी दोन मिनिटांची एक तपासणी

माइकची भाषा खरंच मराठी आहे ना, हे आधी बघा. कीबोर्ड मराठी असला तरी बोलण्याची भाषा हिंदीवर राहिलेली असू शकते. संगणकावर Google Docs वापरत असाल तर Tools मध्ये Voice typing उघडल्यावर माइकच्या वर भाषेचं नाव दिसतं, ते दर वेळी वाचा. उलगडा पटकन करायचा तर टाइप झालेल्या पानात "ळ" शोधा. मराठीचं भरलेलं पान "ळ"शिवाय सहसा निघत नाही. वेळ, मंडळ, सगळे, मिळून, काहीतरी असतंच. पानभर एकही "ळ" नसेल आणि त्या जागी "मंडल", "सगले", "मिलून" असं दिसत असेल तर तुम्ही हिंदीशी बोलत होता. ते पान सुधारत बसू नका, भाषा बदलून पुन्हा वाचा.

पूर्णविराम, स्वल्पविराम बोलून येतात का हेही एकदा करून बघा. माझ्याकडे "पूर्णविराम" म्हटलं की तो शब्दच अक्षरांत उमटायचा. विरामचिन्हं मी नंतर हातानेच घालतो.

मजकुरात भोक पडतं ते कुठे पडतं

गहाळ मजकूर हा सगळ्यांत घातक प्रकार, कारण जे नाही ते डोळ्याला दिसत नाही. तो सापडण्यासाठी मी एक साधं काम दुरुस्तीच्या अगदी सुरुवातीला करतो. टाइप झालेला मजकूर सलग असतो. पान शेजारी ठेवून, पानावरची ओळ जिथे संपते तिथे स्क्रीनवर एंटर मारत जायचं. या वेळी शब्द सुधारायचे नाहीत, फक्त ओळी पाडायच्या. पानावर चोवीस ओळी असतील तर स्क्रीनवर चोवीस झाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द पानाशी जुळला पाहिजे. एखादी ओळ अर्धीच निघाली किंवा पुढची ओळ सुरू व्हायला शब्दच मिळेना, तर तिथे भोक आहे. सरावाने एका पानाला तीन-चार मिनिटं लागतात. काम संपल्यावर ओळी पुन्हा जोडता येतात, पण ओळी पाडलेली प्रत वेगळी जपून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी शंका काढली तर "पान १२, ओळ ९" असं थेट काढून दाखवता येतं.

मग दर ओळीनंतर थांबून वाचतानाच एंटर का मारू नये? मी तेही केलं. त्यात शब्दांच्या चुका वाढल्या. बोलताना नीट पाहिलंत तर दिसेल, पुढचा शब्द तोंडातून गेला की आधी उमटलेला शब्द बदलतो. यंत्र वाक्य पुढे जाईल तसं मागचं दुरुस्त करत असतं. पानावरची ओळ तर कुठेही तुटते, "करण्यांत" एका ओळीत आणि "आलें" दुसऱ्या ओळीत. तिथे थांबलं की यंत्राला अर्धं वाक्य मिळतं आणि अंदाज चुकतो. त्यामुळे वाचायचं अर्थाच्या टप्प्याने, नैसर्गिक श्वास घेत. ओळी नंतर पाडायच्या. याच कारणासाठी शब्द हलत असताना मध्येच बोट घालून दुरुस्तीही करू नये.

आता भोक सापडलं तर त्याच्या कडा बघा. गहाळ भाग एखाद्या शब्दानंतर सुरू होऊन नेमका त्याच शब्दावर संपत असेल, तर ती डोळ्याची उडी आहे. इतिवृत्तात हे हमखास होतं. ठराव तीन "सर्वानुमतें मंजूर" असं संपतो, ठराव चारही तसाच संपतो. वाचणाऱ्याची नजर पहिल्या "मंजूर"वरून उचलते आणि दुसऱ्या "मंजूर"वर उतरते. मधला ठराव गेला. यावर उपाय जुनाच, फूटपट्टी. वाचत असलेल्या ओळीच्या खाली पट्टी धरायची आणि ओळ संपल्यावरच ती सरकवायची. बोटाने काम होत नाही, बोट नजरेबरोबर उडी मारतं.

भोक अर्ध्या ओळीत सुरू होऊन भलत्याच शब्दावर संपत असेल, तर बहुधा माइक बंद पडला होता आणि तुम्ही बंद माइकला वाचून दाखवत होता. थोडा वेळ शांतता झाली की बोलून टाइप करायची सोय आपोआप थांबते. जुनं अक्षर लावताना अशी शांतता होतेच. आकडा ७ आहे की १, हे मी काकूंना विचारतो, त्या चष्मा पुसतात, पान उजेडाकडे धरतात. तेवढ्यात माइक झोपलेला असतो. मी पुढचं वाक्य खणखणीत वाचतो आणि ते हवेत जातं. उलट प्रकारही आहे. माइक दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द गिळला जातो. दर परिच्छेदाचा पहिलाच शब्द गहाळ असेल तर हे कारण समजा. माइक दाबून, चिन्ह बदललेलं दिसेपर्यंत एक श्वास थांबा.

खरा उपाय म्हणजे माइक चालू असताना अडायची वेळच येऊ न देणं. पान आधी एकदा माइकशिवाय पूर्ण लावून घ्या. आम्ही पानाची झेरॉक्स काढतो आणि अडलेल्या शब्दावर पेन्सिलने वाचन लिहून ठेवतो. जुन्या हातात "ख" आणि "रव" सारखेच दिसतात, "भ" आणि "म" डोक्यावरच्या रेघेवरून ओळखावे लागतात, "ध" आणि "घ" तर लिहिणाऱ्याच्या मूडवर असतात. ते कोडं माइक बंद ठेवून सोडवायचं.

तोंड पानापेक्षा वेगळं बोलतं

हा दोष मला सगळ्यांत उशिरा कळला, कारण तो माझाच होता. आपण पान वाचत नाही, पान बोलतो. पानावर "केले" असतं आणि तोंडातून "केलं" जातं. काकूंचं तर बोलणंच तसं, आणि शिवाय त्यांच्या बोलण्याला मालवणचा हेल आहे. यंत्र ऐकतं ते लिहितं, त्यामुळे स्क्रीनवर "केलं", "सांगितलं", "ठरलं", आणि आवाज जरा दबला तर अनुस्वारही गळून नुसतं "केल". "पत्र आले"चं "पत्र आलं" झालं की माझ्या डोळ्यांसमोर भाजीवाली आलं-मिरची घेऊन उभी राहते.

इथे घाईने सगळीकडे बदलून टाकण्याचा मोह होतो. मी एकदा "केल" शोधून त्या जागी "केले" घालायला सांगितलं. सगळ्या "केली"चं "केलेी" झालं आणि "केल्या"चं त्याहून वाईट. शोधताना शब्दाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागाही शोधात घ्या आणि एकेक ठिकाण बघून बदला. त्याहून बरं म्हणजे तोंडाला वळण लावणं. वाचताना "केले", "आले" यांतला शेवटचा ए जरा ताणून, शाळेत धडा वाचायचो तसं वाचायचं. सुरुवातीला स्वतःचंच हसू येतं. दोन पानांत सवय होते.

काकू वाचायच्या तेव्हा अक्षर अचूक लागायचं पण रूपं बोलीतली यायची. मी वाचायचो तेव्हा रूपं बरोबर आणि अक्षर चुकलेलं. शेवटी कामं वाटून घेतली. काकू आधी पान लावून देतात, मी माइकसमोर वाचतो, आणि दुरुस्तीच्या वेळी पान पुन्हा काकूंच्या हातात. छापखान्यात मुद्रितं तपासताना एकजण मूळप्रत धरून वाचतो आणि दुसरा मुद्रितावर खुणा करतो, त्यातलाच हा प्रकार.

तोंडाची दुसरी खोड म्हणजे संक्षेप उलगडणं. पानावर "ता." असतं, आपण "तारीख" वाचतो. "कै." दिसलं की "कैलासवासी" म्हणतो, "रा. रा."चं "राजमान्य राजेश्री" होतं. चूक म्हणावी तर चूक नाही, पण पानावर नसलेलं काही तुमच्या प्रतीत आलं. आम्ही ठरवून टाकलं की संक्षेप पानावर आहेत तसेच ठेवायचे, आणि ते हातानेच टाइप करायचे.

आकडे आणि नावं बोलूच नका

वहीतल्या एका पानाचं उदाहरण देतो. १९५४ चा खर्च आहे, रुपये-आणे-पैच्या पद्धतीने लिहिलेला. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधी सोळा आण्यांचा रुपया. पानावर असं आहे:

मंडप ४२-८-०
मूर्ति १५-०-०
कीर्तनकारांस बिदागी ११-०-०
ग्यासबत्त्यांचें भाडें ७-१२-०
एकूण ७६-४-०

पहिली ओळ "मंडप बेचाळीस आठ शून्य" अशी वाचली तर स्क्रीनवर 4280 आलं. "बेचाळीस रुपये आठ आणे" म्हटलं तर "42 रुपये आठ आणे" आलं, अर्धं आकड्यात, अर्धं अक्षरात. काकूंनी सवयीने "साडेबेचाळीस" म्हटलं तेव्हा काय आलं ते सांगत नाही. "बिदागी"चं "बिदाई" झालं. आणि शेवटून दुसरी ओळ आलीच नाही.

ती ओळ गेलेली मला दिसलीच नव्हती. बेरीज केली म्हणून सापडली. टाइप झालेल्या तीन रकमा मिळून ६८-८-० होत होत्या आणि एकूण ७६-४-०. फरक ७-१२-०. पानावर ७-१२-० शोधलं आणि ग्यासबत्त्या सापडल्या. त्या ओळीतला ७ मला १ वाटला होता, मी काकूंना विचारायला थांबलो होतो, माइक बंद पडला होता. बेरजेने भोकही दाखवलं आणि तो ७ च आहे हेही सिद्ध केलं, कारण १ धरला तर एकूण सहा रुपयांनी कमी भरतं. हिशेबाचं पान असेल तर बेरीज करून बघाच. पानावरच्या लेखनिकानेच बेरीज चुकवलेली असू शकते, तेव्हा बेरीज जुळली नाही म्हणून रक्कम बदलायची नाही. तिथे थांबून पान पुन्हा बघायचं, एवढंच.

या पानानंतर आकडे बोलणं मी सोडलं. वाचताना जिथे आकडा येईल तिथे "जिराफ" म्हणतो. जिथे माणसाचं नाव येईल तिथे "कांगारू". काकू पहिल्या दिवशी माझ्याकडे बघतच राहिल्या. युक्ती अशी की हा शब्द यंत्राला हमखास ओळखता आला पाहिजे आणि वहीत तो कुठेही येता कामा नये. "नाव" किंवा "रक्कम" म्हटलं तर ते शब्द मजकुरात असतातच. गणपतीच्या मंडळाच्या वहीत "हत्ती"सुद्धा नको. वाचून झालं की शोधात "जिराफ" घालायचं, किती सापडले तो आकडा समोर येतो. पानावर आकडे मोजायचे. पानावर नऊ आणि फाइलमध्ये आठ जिराफ असतील तर एक ठिकाण गहाळ आहे, आणि आकडा ज्या वाक्यात होता ते वाक्यही गेलेलं असायची शक्यता मोठी. मग एकेका जिराफावर जाऊन पानावरून आकडा हाताने टाइप करायचा.

नावांचं कारण वेगळं आहे. आडनावं ऐकून लिहिताना यंत्र जास्त परिचित आडनावाकडे झुकतं. कोकणातल्या गावांवरून आलेली, "कर"ने संपणारी आडनावं आमच्या वहीत पानोपानी आहेत. त्यातलं एखादं विरळ आडनाव दर वेळी कुठल्यातरी प्रसिद्ध आडनावात बदलायचं. स्मरणिकेत कुणाच्या आजोबांचं आडनाव चुकलं तर चाळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. कांगारूमुळे एक तोटा होतो, हेही सांगतो. वाक्यात मध्येच जनावर आल्यामुळे त्याच्या लगतच्या एक-दोन शब्दांचा अंदाज कधीकधी बिघडतो. जिराफाच्या दोन्ही बाजू दुरुस्तीत जरा जास्त बघा.

जे कानाला येत नाही

इथे यंत्राचाही दोष नाही आणि वाचणाऱ्याचाही नाही. पानावर असं आहे:

आजच्या सभेंत मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करण्यांत आलें.

टाइप झालं ते असं:

आजच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले

एकही शब्द चुकलेला नाही. पण चार अनुस्वार गेले. हे अनुस्वार उच्चारात नसतात, म्हणून कितीही शुद्ध वाचलं तरी ते माइकमधून जाणार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, तेव्हापासून न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहायचे नाहीत असं ठरलं. त्याआधीच्या कागदांत कांहीं, नाहीं, आतां, तेव्हां, त्यामुळें, सर्वानुमतें असंच लिहिलेलं सापडतं. मुळात हे टिंब शोभेचं नव्हतं. "आले" म्हणजे पुष्कळजण आले, "आलें" म्हणजे पत्र किंवा सामान असं काहीतरी नपुंसकलिंगी एक आलं. कर्ता गाळलेल्या त्रोटक वाक्यात हे टिंब कधीकधी एकमेव खूण असते.

ऱ्हस्व-दीर्घाचंही असंच. पानावर "मूर्ति", "समिति", स्क्रीनवर "मूर्ती", "समिती". यंत्र आजच्या वळणाने लिहितं आणि कानाने तो फरक सांगता येत नाही. "ग्यास"चं "गॅस" झालं ते मात्र माझ्या तोंडाने केलं होतं.

दोघांनी वेगवेगळं वाचून दोन फाइली करायच्या आणि संगणकावर त्यांची तुलना करायची, असं मला एकाने सुचवलं. केलं. गहाळ शब्द, आकडे, नावं यांतले फरक सुरेख दिसले. पण टिंबं दोन्ही फाइलींत सारखीच गायब, त्यामुळे तुलनेत तिथे काहीच उमटलं नाही. दोन्ही प्रती जुळल्या म्हणजे पानाशी जुळल्या असं समजू नका.

म्हणजे इथे दुरुस्ती करण्याआधी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पहिल्या पानाच्या आधी घेतला तर वेळ वाचतो. आजच्या लेखनात प्रत हवी असेल तर बोलून टाइप करणं फायद्याचं आहे, निम्मं काम यंत्र करतं. स्मरणिकेसाठी आम्ही तेच केलं आणि "लेखन आजच्या नियमांनुसार केले आहे" अशी ओळ वर टाकली. पानाची हुबेहूब प्रत हवी असेल तर टिंबं आणि वेलांट्या डोळ्याने बघून हाताने घालाव्या लागतात, आणि दाट टिंबांच्या पानाला त्यापेक्षा सरळ टाइप करणं स्वस्त पडतं. मधला मार्ग काढून काही टिंबं ठेवायची आणि काही सोडायची हे करू नका. पुढे तुम्हालाच कळत नाही की टिंब नाही ते पानावर नव्हतं म्हणून, की राहून गेलं म्हणून.

तपासणीच्या दोन फेऱ्या, आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात

ओळी पाडून आणि जिराफ भरून झाल्यावर आम्ही आधी कानाची फेरी करतो. टाइप झालेला मजकूर फोनला मोठ्याने वाचायला लावतो आणि काकू पानावर पट्टी सरकवत ऐकतात. माणसाने स्क्रीन वाचली तर तो राहिलेला शब्द नकळत भरून वाचतो. मीच टाइप केलेलं मी वाचलं तर हमखास भरतो. फोन मात्र जे आहे तेवढंच वाचतो. "कार्यवाही यांनी" असं ऐकू आलं की काकूंचा हात वर होतो. या फेरीत गहाळ शब्द, बदललेले शब्द आणि जास्तीचे शब्द निघतात. जास्तीचे म्हणजे खरंच जास्तीचे. एका ठरावात "दूध उतू गेलं बघ" हे आलं होतं. गॅलरीतून कुणी तरी ओरडलं, माइकने ऐकलं. त्यानंतर आम्ही सकाळची पाण्याची वेळ आणि संध्याकाळची मालिकांची वेळ टाळून दुपारी तीन ते साडेचार हा वेळ धरला. फोन तोंडापासून वीतभर, पंख्याच्या झोताबाहेर. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वही मिटायची.

दुसरी फेरी डोळ्याची. आवाज पूर्ण बंद. पान आणि स्क्रीन शेजारी, अक्षर मोठं केलेलं, आणि सुरुवात शेवटच्या ओळीपासून. उलटं गेलं की अर्थाचा प्रवाह तुटतो आणि नजर अक्षरावर टिकते. या फेरीत फक्त वेलांटी, उकार, अनुस्वार, विरामचिन्हं आणि जोडाक्षरं बघायची, शब्दार्थाकडे जायचंच नाही. प्रसादाच्या खर्चात "आचाऱ्यास" होतं, स्क्रीनवर "आचार्यास" आलं होतं. मंडळाने स्वयंपाक्याऐवजी कुणा विद्वानाला पैसे दिले असं झालं असतं. कानाच्या फेरीत हे आमच्या हातून निसटलं होतं, डोळ्याने सापडलं. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बघायच्या म्हटल्या की मन अर्थाकडे ओढतं आणि टिंबं राहतात. मी तीनदा करून पाहिलं आहे.

चोवीस ओळींच्या पानाला आता मला सगळं धरून अर्धा तास लागतो. त्यातलं बोलणं फक्त सहा-सात मिनिटांचं, बाकी सगळी दुरुस्ती. आधी बोलून झालं की काम झालं असं वाटायचं.

काही पानांना माइक लावूच नये. खूप खोडलेलं पान असेल, ओळींच्या मध्ये काकपदाची खूण करून शब्द घातलेले असतील, समासात आडवं लिहिलेलं असेल, तर वाचताना तुम्ही नकळत ते सरळ करून टाकता. खोडलेला शब्द वाचायचा की नाही, घातलेला शब्द नेमका कुठे बसतो, हे सगळं वाचणाऱ्याच्या तोंडात ठरतं आणि टाइप झालेल्या प्रतीत त्याची खूण उरत नाही. वहीच्या पान ३१ वर वर्गणीची रक्कम दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली आहे आणि कडेला दोन सह्या आहेत. ते पान मी सरळ हाताने टाइप केलं, खोडलेल्या दोन्ही रकमांसकट. त्या सह्यांपैकी एक कुणाची हे काकूंना माहीत आहे असं त्या म्हणतात. दुसरीच्या जागी फाइलमध्ये अजून कांगारू आहे.